चार सेंटिमीटर कुठे मोजायचे? गॅप शूटिंग आणि स्ट्रिंग वॉकिंगची पार्श्वभूमी

साइट नसलेल्या धनुष्यावर नेम धरायला एकच वस्तू हाताशी असते, ती म्हणजे बाणाचं टोक. अडचण अशी की डोळा वर असतो आणि बाण खाली. हनुवटीशी किंवा ओठाच्या कोपऱ्याशी दोरी ओढून धरली की बाणाची मागची खाच डोळ्याच्या काही सेंटिमीटर खाली येते. टोक निशाण्यावर ठेवलं तरी बाण किंचित वर तोंड करून सुटतो, नजरेची रेषा ओलांडून वर जातो आणि पुढे कुठेतरी पुन्हा तिच्यावर उतरतो. जिथे उतरतो ते अंतर म्हणजे 'पॉइंट ऑन'. त्याच्या अलीकडच्या प्रत्येक निशाण्यावर बाण वर लागणार आणि पलीकडच्यावर खाली. गॅप शूटिंग आणि स्ट्रिंग वॉकिंग या दोन्ही पद्धती हा फरक भरून काढण्यासाठीच आल्या.

आधी हा प्रश्न एवढा स्पष्ट नव्हता, कारण दोरी कानापर्यंत ओढली जायची. 'आकर्ण' हा शब्द आपल्याकडे त्याच ओढीसाठी आहे, आणि इंग्लंडचे लाँगबोवालेही कानापर्यंतच ओढायचे. लांब ओढीने जोर मिळतो, पण खाच डोळ्याच्या खाली न राहता बाजूला जाते. मग टोकाने धरलेला नेम डावीउजवीकडे फसतो, आणि तो किती फसणार हे अंतरागणिक बदलतं. अशा ओढीत टोकाकडे पाहण्याचा उपयोगच कमी, म्हणून नेम सवयीवर सोडलेला असायचा.

हे बदललं ते होरेस फोर्डमुळे. 1849 ते 1859 अशी सलग अकरा वर्षं आणि नंतर 1867 मध्ये तो इंग्लंडचा विजेता होता. 1856 मध्ये त्याने आपली पद्धत पुस्तकात मांडली आणि 1857 मध्ये डबल यॉर्क राऊंडमध्ये 1251 गुण केले. त्याचं म्हणणं साधं होतं: दोरी कानाकडे नेऊ नका, बाण सरळ डोळ्याच्या खाली आणा. असं केलं की डावंउजवं मिटतं आणि फक्त वरखाली उरतं. यॉर्क राऊंड 100, 80 आणि 60 यार्डांवर मारतात. अंतर ठरलेलं असल्याने प्रत्येक अंतरासाठी टोक कुठे ठेवायचं हेही ठरवता येतं, कधी निशाण्याच्या वर तर कधी पुढच्या जमिनीवर. पुढे तिरंदाज त्या जागी जमिनीवर खूण ठेवू लागले, आणि तिला पॉइंट ऑफ एम म्हणत. गॅप शूटिंग म्हणजे हीच खूण काढून घेतलेली पद्धत. जमिनीवर काही ठेवायचं नाही, टोक आणि केंद्र यांच्यातलं अंतर डोक्यात ठेवायचं.

हे अंतर किती असतं, ते एका उदाहरणात काढून पाहू. बाणाचा वेग सेकंदाला 50 मीटर, खाच डोळ्याच्या 7 सेंटिमीटर खाली, खाचेपासून टोक 70 सेंटिमीटर. हवेचा विरोध सोडून दिला तर पॉइंट ऑन 50 मीटरला येतं. आता टोक केंद्रावरच ठेवून वेगवेगळ्या अंतरांवर मारलं, तर 10 मीटरवर बाण 73 सेंटिमीटर वर लागेल, 20 वर 1 मीटर 15, 25 वर 1 मीटर 20, 30 वर 1 मीटर 16 आणि 40 वर 79 सेंटिमीटर. म्हणजे तेवढंच टोक केंद्राच्या खाली धरायचं. 60 मीटरवर गणित उलटतं, तिथे टोक 1 मीटर 13 सेंटिमीटर वर धरावं लागतं. निशाण टोकाआड आणि हाताआड जातं, म्हणून पॉइंट ऑनच्या पलीकडे ही पद्धत लंगडी पडते.

या आकड्यांत एक सोयीची गोष्ट आहे. 20 ते 30 मीटरच्या पट्ट्यात गॅप जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरने हलतो. मैदानी स्पर्धेत केंद्र जमिनीपासून 1 मीटर 30 वर असतं, म्हणजे या पट्ट्यात टोक स्टँडच्या पायाशी, जमिनीच्या दहा-पंधरा सेंटिमीटर वर ठेवलं की काम भागतं. तणीस ठासलेली पोती रचून खळ्यावर निशाण उभं केलं असेल, तर पायाजवळच्या पोत्याची शिवणही खूण म्हणून चालते. खरं 25 मीटर अंतर 20 समजलात आणि 20 चाच गॅप धरलात, तर बाण सहा सेंटिमीटर वर जाईल, एवढंच.

पण 1 मीटर 20 खाली पाहून मारणं डोळ्याला जड जातं. सुटायच्या क्षणी नजर केंद्राकडे ओढली जाते, धनुष्याचा हातही तिच्यामागे उठतो आणि बाण वर जातो. एकामागून एक बाण वरच लागत असतील आणि डावंउजवं नीट असेल, तर आधी हा दोष तपासावा. उपाय गॅप लहान करण्याचा, आणि तो अँकरमधून, म्हणजे ओढलेला हात चेहऱ्यावर जिथे टेकतो त्या जागेतून येतो. तर्जनीऐवजी मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला लावलं की खाच साधारण 2 सेंटिमीटर वर येते. उदाहरणात 7 चे 5 केले तर पॉइंट ऑन 50 वरून 36 मीटरवर येतं आणि सगळ्यात मोठा गॅप 1 मीटर 20 वरून 60 सेंटिमीटरवर. अँकर उंच धरणं ही या पद्धतीतली जुनी आणि अजूनही सगळ्यात उपयोगी दुरुस्ती आहे.

स्ट्रिंग वॉकिंगची गरज दुसऱ्या प्रकारच्या मैदानातून आली. फील्ड तिरंदाजीत रानातून चालत निशाण गाठायचं असतं आणि प्रत्येक निशाणाचं अंतर वेगळं. चढउतार, झुडपं, नाला यांमुळे जमिनीवर टोक ठेवायला सारखी जागाच मिळत नाही. अमेरिकेत या प्रकाराची राष्ट्रीय संघटना 1939 ची आहे, आणि पहिली जागतिक फील्ड स्पर्धा 1969 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज इथे झाली. तिथल्या बेअरबो, म्हणजे साइटशिवायच्या धनुष्यांच्या गटात टोक नेहमी केंद्रावरच ठेवायचं आणि बदल दोरीवर करायचा, ही पद्धत रुजली.

तीनही बोटं खाचेखाली धरायची आणि जवळच्या निशाण्यासाठी ती दोरीवरून आणखी खाली सरकवायची, या सरकण्याला 'क्रॉल' म्हणतात. चेहऱ्यावरचा अँकर तोच राहतो, म्हणून खाच डोळ्याच्या जवळ येते, बाणाचं वर तोंड करणं कमी होतं आणि पॉइंट ऑन जवळ सरकतं. आपल्याच उदाहरणात 50 मीटरला क्रॉल शून्य, 40 ला 1.4 सेंटिमीटर, 30 ला 2.8, 20 ला 4.2 आणि 10 ला 5.5. दर दहा मीटरला जवळपास सारखेच 1.4 सेंटिमीटर. गॅपचे आकडे डोंगरासारखे चढून उतरतात, क्रॉलचे पायऱ्यांसारखे उतरतात. म्हणून दोन-तीन अंतरं मारून पाहिली की मधली मोजून काढता येतात.

खरं तर भूमिती एकच आहे. 20 मीटरवरचा 1 मीटर 15 चा गॅप डोळ्यापासून 70 सेंटिमीटरवरच्या टोकाशी मोजला, तर तो 4 सेंटिमीटर दिसतो. क्रॉलही 4.2. एकजण ते चार सेंटिमीटर टोकाखालच्या हवेत पाहतो, दुसरा दोरीवर बोटांनी मोजतो. दोरीवर मोजणं जास्त नेमकं, यात शंका नाही. पण अंतर ओळखण्यात चूक झाली तर तेच नेमकेपण अंगावर येतं: 25 मीटरवर 20 चा क्रॉल घेतला तर बाण 24 सेंटिमीटर खाली लागतो, जिथे निशाणावर गॅप धरणाऱ्याचा फक्त 6 ने चुकतो.

क्रॉल मोजायची रीत अशी. दोरी ओढताना बोटांवर घालतात त्या टॅबची वरची कड खाचेला टेकवायची, टॅबवरचे टाके मोजत ठरलेल्या टाक्यापाशी अंगठ्याचं नख दोरीवर रोवायचं, आणि मग टॅबची वरची कड त्या नखापर्यंत खाली आणायची. जागतिक नियमांत टॅबवर सारख्या आकाराच्या खुणा चालतात. नख 1 मिलिमीटर घसरलं तर 20 मीटरवर जवळपास 3 सेंटिमीटरचा फरक पडतो, 40 वर साडेपाचचा. अँकर 1 मिलिमीटर हलला तरी तेवढाच, आणि तो दोन्ही पद्धतींना सारखाच भोवतो. जबडा किंचित उघडला तरी एवढं सहज होतं, म्हणून दात मिटून ओढायची सवय लागते.

या पद्धतीचं मोल धनुष्य चुकवतं. दोरी मधून न ओढता खालून ओढली की खालच्या पात्यावर जास्त ताण येतो, दोन्ही पाती एका वेळी बंद होत नाहीत, धनुष्याचा आवाज वाढतो आणि बाण शेपूट वरखाली हलवत जातो. क्रॉल मोठा तेवढा हा दोष मोठा. म्हणून पात्यांचा तोल आणि खाचेची उंची शून्य क्रॉलवर बसवत नाहीत, रोजच्या वापरातल्या मधल्या क्रॉलवर बसवतात. बोटं खाचेपासून दूर असल्याने बाण दोरीवरून खाली घसरू शकतो, त्यामुळे खाचेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन गाठी लागतात. खालची गाठ विसरलेल्या धनुष्यावर जवळचे बाण कारण न कळता वरखाली पसरतात.

बांबूच्या धनुष्यावर ही पाती स्क्रूने सैल-घट्ट करता येत नाहीत. तोल तासून बसवलेला असतो तो असतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांतल्या इंडियन राऊंडचं धनुष्य बांबूचंच आणि साइटशिवायचं, मेळघाट-गडचिरोलीकडचे तिरकमठेही बांबूचेच. अशा धनुष्यावर पाच सेंटिमीटर खालून ओढत राहणं म्हणजे खालच्या पात्याला लवकर वाकवणं. तिथे उंच अँकर आणि गॅप हीच शहाणी निवड, आणि जागतिक नियमांच्या लाँगबो व ट्रॅडिशनल गटांत तर दोरीवर बोटं सरकवायला परवानगीच नाही.

दोन्ही पद्धतींचे आकडे एका वेगावर बांधलेले असतात, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. पावसाळ्यात ओल धरलेला बांबू किंवा मे महिन्यात बंद गाडीत तापलेली फायबरची पाती मंद पडतात. वेग 5 टक्क्यांनी घटला तर 50 चं पॉइंट ऑन 45 मीटरवर येतं. हे 20 मीटरवर कळत नाही, कारण तिथे बाण जेमतेम साडेआठ सेंटिमीटर खाली जातो आणि दोष हाताचा वाटतो. 50 वर तोच बाण अर्धा मीटर खाली लागतो. म्हणून मोसम बदलला की कासऱ्याने नीट 50 मीटर मोजून, क्रॉल शून्य ठेवून, टोक केंद्रावर धरून सहा बाण मारावेत, आणि ते कुठे पडले ते पाहून मगच जुनी यादी वापरायची की नवी करायची हे ठरवावं.