चार्जर मोठा, तरी फोन हळू का?

“६७ वॅटचा चार्जर घेतला तरी फोन हळूच चार्ज होतो, म्हणजे चार्जर डुप्लिकेट ना?”

नाही, आधी केबल बघा. परभणीच्या बसस्टँडबाहेर मिळते तशा स्वस्त केबलमध्ये तांबं फार बारीक असतं. जाता-येता मिळून तिचा रोध ०.४ ओहम धरा. फोनने २ अँपिअर ओढले की ०.८ व्होल्ट केबलमध्येच जातात, ५ पैकी ४.२ उरतात. डीपीपासून लांबच्या मोटारीचं होतं, अगदी तसंच. व्होल्टेज पडलं की फोन स्वतःच करंट कमी करतो.

त्यात डेटाच्या तारा नसल्या, तर बऱ्याच चार्जरांचं फोनशी बोलणंच होत नाही. चार्जर ५ व्होल्टवरच अडतो.

चार्जर तोच ठेवा, फोनसोबत आलेली केबल लावा. वेग वाढला तर दोष केबलचा.