कडेचा परिणाम किती आत जातो?

“जंगलाच्या कडेचा परिणाम पहिल्या 50 मीटरपर्यंतच असतो ना?”

एकच अंतर सगळ्याला लागू होत नाही. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ जंगलाच्या तुटलेल्या तुकड्यांवर 1979 पासून चाललेल्या प्रयोगात हवेचा कोरडेपणा काही डझन मीटर आत पोचला, झाडं मरण्याचं प्रमाण मात्र सुमारे 100 मीटरपर्यंत वाढलेलं होतं. 10 हेक्टरच्या चौरस तुकड्याची बाजू 316 मीटर. चहूकडून 100 मीटर वगळले तर गाभा जेमतेम 1.35 हेक्टर उरतो!

मोजताना कडेपासून काटकोनात आत जावं, आणि सगळ्या अंतरांवरचं तापमान एकाच वेळी, सावलीत नोंदवावं. एकेक ठिकाण मोजत गेलात तर चढत्या दिवसाची उष्णताच कडेचा परिणाम वाटते. रोपं आणि वृक्ष वेगळे मोजा. जुने वृक्ष जंगल तुटून कड तयार होण्याआधीच रुजलेले असतात, त्यामुळे बदल आधी रोपांत दिसतो.