स्टोरेज फुल होणे (मोबाईल)

फोनमधली जागा संपणं, आणि ती मोकळी करताना काय उडवायचं, काय लहान करायचं नि काय दुसरीकडे हलवायचं हे ठरवणं. बोलण्यात मात्र 'मेमरी फुल झाली' हेच चालतं. हा शब्दप्रयोग बहुधा मेमरी कार्डाच्या दिवसांतला असावा. कॉम्प्युटर क्लासमधून आला असंही म्हणता येईल, पण कार्डवालं जास्त पटतं. काटेकोर बोलायचं तर मेमरी म्हणजे रॅम, आणि फोटो उडवून रॅम वाढत नाही.

लोक आधी फोटोंवर हात टाकतात, जागा मात्र व्हिडिओ खातात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की हाय एफिशियन्सी प्रकारात, सेकंदाला 30 फ्रेमने, 4K व्हिडिओ मिनिटाला साधारण 170 एमबी घेतो आणि 1080p साधारण 60. समजा बारशाचे 400 फोटो आहेत, प्रत्येकी 4 एमबीचे, तर झाले 1.6 जीबी, आणि त्याच दिवशीचे 12 मिनिटांचे 4K व्हिडिओ 2 जीबीच्या वर जातात. म्हणजे फोटो एकही न उडवता नुसते व्हिडिओ 1080p केले तरी सव्वा जीबी सुटते. फक्त लहान केलेला व्हिडिओ परत मोठा होत नाही, म्हणून मूळ फाइल आधी कॉम्प्युटरवर टाकायची, तिथे उघडून बघायची, मगच पुढचं.

खरा घोळ जुळ्या फोटोंचा. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, आणि अँड्रॉइडवर त्याची वेगळी कॉपी Sent फोल्डरमध्ये पडते. दोन्ही सारखेच दिसतात, मग 'हा डबल आहे' म्हणून नेमका मूळचा उडवला जातो आणि प्रिंट काढायला गेलं की फाटतो. ओळखायचं सोपं आहे, फोटोचा तपशील उघडा: नाव IMG-20240115-WA0007 असं असेल, साइज काहीशे केबी असेल, तर ती व्हॉट्सअॅपची कॉपी, मूळ फोटो आपल्याकडे असेल तरच ती जाऊ द्या. मूळ फोटो कितीतरी एमबीचा असतो नि कुठल्या कॅमेऱ्याने काढला तेही त्यात असतं. गुड मॉर्निंगची फुलं वेगळी, ती व्हॉट्सअॅपच्या Manage storage मध्ये बऱ्याचदा फॉरवर्ड झालेल्यांत एकगठ्ठा सापडतात, त्यांना तपशील बघायची गरज नाही.

गूगल फोटोजमध्ये Free up space हे बटण बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधलीच प्रत काढतं. नुसतं डिलीट केलं तर क्लाउडवरूनही जातं. बॅकअप असलेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, तोवर परत आणता येतो. बॅकअप चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं, आणि आजीने पाठवलेला एकुलता एक फोटो हमखास तिथेच असतो.

मेमरी कार्डावर हलवायचा मार्ग आता बऱ्याच नव्या फोनला उरलेला नाही, खाचच नसते.