पूरके, दीर्घकालीन मूत्रपिंडविकारातील

मूत्रपिंडाचे काम तीन महिन्यांहून अधिक काळ मंदावलेले असताना रुग्ण स्वतःहून घेतो ते क्षार, जीवनसत्त्वे, चूर्णे आणि काढे. निरोगी माणसाचे शरीर जास्तीचे पोटॅशियम व मॅग्नेशियम लघवीवाटे टाकून देते. गाळण्याचा वेग (अहवालातील ईजीएफआर) ३० च्या खाली उतरला की ही वाट अरुंद होते आणि नेहमीची मात्राही रक्तात साचू लागते.

पोटॅशियम : सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. घामाने लघवी कमी व दाट होते, त्यामुळे मुतखड्याचा त्रास घरोघर ओळखीचा, आणि त्यावरचे लघवी अल्कधर्मी करणारे सिरपही ओळखीचे. एकाला लागू पडलेली बाटली दुसऱ्याला दिली जाते, धोका तिथे आहे. समजा, साठीच्या एका रुग्णाचा ईजीएफआर २५ आहे आणि रक्तदाबासाठी तो टेल्मिसार्टन घेतो. बाटलीवर दर ५ मि.लि.मध्ये ११०० मि.ग्रॅ. पोटॅशियम सायट्रेट असे छापलेले असेल, तर त्यात सुमारे ४०० मि.ग्रॅ. पोटॅशियम असते. १५ मि.लि. दोनदा घेतल्यास दिवसाला जवळजवळ २.४ ग्रॅम होते. पोटॅशियम वाढणाऱ्या रुग्णाला आहारतज्ज्ञ सगळ्या जेवणातून मिळून बहुधा २ ते ३ ग्रॅमची मर्यादा घालून देतात; ती एकट्या सिरपनेच भरते. त्यात घरी ‘कमी सोडियमचे’ मीठ असेल आणि त्यात ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असेल, तर रोजच्या ५ ग्रॅम मिठातून आणखी सुमारे ८०० मि.ग्रॅ. येतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे पोटॅशियम बाहेर टाकणे आणखी कमी करतात. ती मनाने बंद करू नयेत; आधी सिरप आणि मीठ थांबवावे. शहाळ्याचे पाणीही याच हिशेबात धरावे.

रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असते. ६ च्या पुढे गेल्यावरही कित्येकांना काही जाणवत नाही. पायांत त्राण नसणे, नाडी मंदावणे ही लक्षणे उशिरा येतात. म्हणून असा अहवाल आल्यास त्याच दिवशी ईसीजी काढतात. टी लहरी उंच व टोकदार दिसल्या, तर हृदय सांभाळण्यासाठी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. रक्त घेताना पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढलेला येतो, पण फेरतपासणीच्या अहवालासाठी ईसीजी लांबवू नये.

मॅग्नेशियम : लोहाच्या आणि फॉस्फेट बांधणाऱ्या काही गोळ्यांनी शौचास घट्ट होते, मग ‘पोट साफ व्हायचे’ पांढरे औषध आणले जाते. मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या ३० मि.लि.मध्ये साधारण १ ग्रॅम मॅग्नेशियम असते. आम्लपित्ताची अनेक द्रावणे आणि मुतखड्याची काही सिरपे यांतही ते असते. मळमळ, गुंगी, उतरलेला रक्तदाब आणि गुडघ्यावर ठोकल्यावर पाय न उडणे हा त्याचा क्रम. पुढे श्वास मंदावतो. किडनीच्या नेहमीच्या तपासण्यांत मॅग्नेशियम बहुधा नसते, ते वेगळे सांगून करून घ्यावे लागते. बद्धकोष्ठतेवर लॅक्टुलोज हा अधिक सुरक्षित पर्याय.

वनस्पतिज औषधे : सर्वांत ठाम पुरावा ॲरिस्टोलोकिया वनस्पतींत असणाऱ्या ॲरिस्टोलोकिक आम्लाविरुद्ध आहे. बाल्कन प्रदेशातील डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांत आढळणाऱ्या मूत्रपिंडविकाराचे वर्णन १९५० च्या दशकात झाले. कारण मात्र दीर्घकाळ वादग्रस्त राहिले : कोणी धान्यावरच्या बुरशीचे विष मानले, कोणी लिग्नाइट कोळशाच्या थरांतून झिरपणारे पाणी. गव्हात मिसळणाऱ्या ॲरिस्टोलोकिया तणाच्या बियांचा तर्क १९६० च्या दशकाअखेर मांडला गेला, पण बराच काळ दुर्लक्षित राहिला. १९९० च्या दशकारंभी ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. मिळत्याजुळत्या नावामुळे एका मुळीऐवजी ॲरिस्टोलोकियाची मुळी वापरली गेली होती. २००७ मध्ये बाल्कन रुग्णांच्या मूत्रपिंडातील डीएनएवर याच आम्लाच्या खुणा सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि मत त्या बाजूला झुकले. इतर कारणांचा काही वाटा मानणारे अभ्यासक आजही आहेत, परंतु बियांचा पक्षच अधिक ग्राह्य वाटतो.

ॲरिस्टोलोकियाच्याच प्रजातीतील सापसंद (ईश्वरी) व कीडामारी या वनस्पती आपल्याकडे सर्पदंश, जंत अशा तक्रारींवर पारंपरिक उपाय म्हणून वापरात आहेत. मूत्रपिंडविकारात त्या कोणत्याही मात्रेत घेऊ नयेत. या विषबाधेत लघवीतून प्रथिने फारशी जात नाहीत व सूजही नसते, त्यामुळे ती उशिरा कळते. क्रिएटिनिनच्या मानाने पंडुरोग मात्र जास्त असतो. पुढे मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. बाजारातील सुट्या मुळीची ओळख केवळ नावावरून पटत नाही. भस्मे व रसौषधींतील पारा, शिसे हा वेगळा धोका आहे.

कमरख (काही भागांत करंबळ) या फळामुळे उचकी न थांबणे, भ्रम व झटके आल्याच्या नोंदी आहेत. जीवनसत्त्व अ शरीरात साचते, क च्या मोठ्या मात्रेने ऑक्झलेट वाढते. डायलिसिसवर असलेल्यांना ब गटाची पूर्ती सहसा डॉक्टरच लिहून देतात.