पार्श्वभूमी : मोडीत निघालेल्या गाडीचे ९५ टक्के नेमके कशाचे?

जुन्या गाडीच्या ‘९५ टक्के पुनर्वापरा’बद्दल आपण बातम्यांत वाचतो तेव्हा त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. काढलेला दरवाजा तसाच दुसऱ्या गाडीला बसवणे हा झाला पुनर्वापर. दरवाजा वितळवून त्याचे पोलाद करणे म्हणजे पुनर्चक्रण. आणि सीटचा फोम भट्टीत जाळून उष्णता मिळवणे, यालाही युरोपीय कायद्याच्या हिशेबात जागा आहे. तिथे त्याला रिकव्हरी म्हणतात. मराठीत तिन्हींसाठी सर्रास ‘पुनर्वापर’ लिहिले जाते आणि वाद जिथे आहे ती जागाच झाकली जाते.

हा वाद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाडी मोडणे हाताचे काम होते. उपयोगी भाग काढायचे, उरलेला सांगाडा उघड्यावर पेटवून गादी, कापड, रबर जाळून टाकायचे आणि लोखंड दाबून त्याचा गठ्ठा बांधायचा. पोलाद करणाऱ्या तेव्हाच्या ओपन हार्थ भट्ट्या असले गठ्ठे भरपूर खात असत. १९५२ साली ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये ऑक्सिजन फुंकून पोलाद करण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढच्या दशकात ती सगळीकडे पसरली. या भट्टीचा भर वितळलेल्या कच्च्या लोखंडावर. भंगार तिला साधारण पाव हिश्शापुरतेच चालते. गठ्ठ्यांची मागणी आटली, त्यात धुराविरुद्धचे कायदे आले, आणि अमेरिकेत साठच्या दशकात टाकून दिलेल्या गाड्यांनी रस्त्यांच्या कडा भरल्या.

कोंडी फोडली ती श्रेडरने. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये उभे राहिलेले हे यंत्र अवजड फिरत्या हातोड्यांनी अख्खी गाडी फोडून मुठीएवढे तुकडे करते. हवेच्या झोताने हलका कचरा उडतो, चुंबकाने लोखंड वेगळे होते, आणि उरलेल्या ढिगातून ॲल्युमिनियम, तांबे, जस्त नंतर निवडले जाते. त्याच सुमारास भंगारावरच चालणाऱ्या विजेच्या भट्ट्या वाढू लागल्या आणि श्रेडरच्या स्वच्छ, सुट्या मालाला गिऱ्हाईक मिळाले. पुढची तीस वर्षे गाडीतले तीन चतुर्थांश वजन, म्हणजे धातू, कुणी सक्ती न करता परत भट्टीत जात राहिले.

प्रश्न राहिला उरलेल्या चौथाईचा. फोम, प्लास्टिक, काचेचा चुरा, रबर, रंग, माती आणि या सगळ्यात मुरलेले तेल. हा ढीग खड्ड्यात पुरला जाई. गाडी श्रेडरमध्ये जाण्याआधी इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल नीट निथळले नाही, तर ते याच ढिगात शोषले जाते आणि सगळा ढीग घातक कचरा ठरू शकतो. नव्वदच्या दशकात पश्चिम युरोपात पुरण्याचा खर्च वाढत गेला आणि या ढिगावरून कायद्याची चर्चा सुरू झाली. पुढे जे झाले त्यावर या सुरुवातीची छाप आहे, असे माझे मत आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खड्डा होता, भट्टी नव्हती.

सप्टेंबर २००० मध्ये युरोपात गाड्यांच्या मोडणीचा निर्देश मंजूर झाला. त्यातल्या बऱ्याच तरतुदींवर फारसे भांडण नव्हते. मोडणीच्या जागी पहिल्यांदा बॅटरी काढायची, एअरबॅग काढायच्या किंवा फोडून निकामी करायच्या, मग इंधन आणि बाकीचे द्रव वेगवेगळ्या टाक्यांत घ्यायचे, एसीचा वायू हवेत न सोडता ओढून घ्यायचा. शिसे, पारा, कॅडमियम आणि सहा-संयुजी क्रोमियम नव्या गाड्यांत २००३ पासून काही अपवाद सोडून बंद. शेवटच्या मालकाकडून गाडी फुकट स्वीकारायची आणि तिच्या नाशाचा दाखला द्यायचा.

भांडण होते दोन आकड्यांचे. २००६ पासून गाडीच्या वजनाच्या ८५ टक्के आणि २०१५ पासून ९५ टक्के भाग पुनर्वापर किंवा रिकव्हरीत गेला पाहिजे, आणि त्यापैकी निव्वळ पुनर्वापर व पुनर्चक्रण मिळून २००६ पासून ८० आणि २०१५ पासून ८५ टक्के असले पाहिजे. याचा अर्थ अखेरच्या टप्प्यात जास्तीत जास्त दहा टक्के जाळता येतात आणि पाच टक्के पुरता येतात.

एक हजार किलोची गाडी घेऊन हिशेब मांडू. त्यात समजा धातू ७५० किलो, टायर ३५, बॅटरी १४, द्रव १५, काच ३०, प्लास्टिक ११० आणि फोम, कापड, सील, रंग, धूळ मिळून ४६. धातू आणि बॅटरी धरली की ७६४ झाले. टायर दळून त्यांचा रबराचा भुसा केला तर ७९९. तेलाचे शुद्धीकरण झाले आणि त्यातले दहा किलो मोजले गेले तर ८०९. पुनर्चक्रणाच्या ८५० पर्यंत जायला अजून ४१ किलो हवेत. बंपर, डॅशबोर्ड, टाक्या हाताने काढल्या तर प्लास्टिकमधून ते निघू शकतात, पण माणसाचा वेळ जातो आणि मिळणारे प्लास्टिक मिश्र, रंगवलेले, स्वस्त असते. काच काढली तर तीस किलो एकदम मिळतात, पण श्रेडरमध्ये गेली की तिची वाळू होते.

याच ४१ किलोंसाठी शब्दांची ओढाताण झाली. श्रेडरच्या ढिगातला बारीक, खनिज भाग जुन्या खाणी बुजवायला किंवा कचराभूमीवर थर द्यायला वापरला, तर तो पुनर्चक्रणात धरायचा की नाही? काही देशांनी धरला, काहींनी नाही. सिमेंटच्या भट्टीत जाळलेल्या टायरचे काय? रबर जळते, पण आतल्या तारेचे लोखंड क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होते त्या भाजलेल्या खड्यांत, मिसळून खनिजाची जागा घेते; मग तेवढा वाटा कोणत्या खान्यात लिहायचा? एकच गाडी दोन देशांत सारखीच मोडली तरी कागदावर वेगळी टक्केवारी दिसू शकत होती. जर्मनीत तर २०१० साली नोंद शंभर टक्क्यांच्या वर गेली, कारण आदल्या वर्षी जुन्या गाड्या मोडण्यासाठी दिलेल्या अनुदानामुळे साठलेल्या गाड्या नंतर फोडल्या गेल्या आणि एका वर्षाचा माल दुसऱ्या वर्षात मोजला गेला.

टायरच्या बाबतीत निदान पर्याय शोधण्याची निकड खरी होती. १९९० च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या हॅगर्सव्हिल इथे टायरचा डोंगर पेटला आणि सतरा दिवस जळत राहिला. रबरातून सुटलेले तेल जमिनीत झिरपले. युरोपात २००३ पासून अख्खे आणि २००६ पासून तुकडे केलेले टायरही पुरायला बंदी आली. त्यानंतर टायर मुख्यतः दोनच वाटांनी जाऊ लागले, दळणीकडे किंवा भट्टीकडे.

या सगळ्या वादात जी गोष्ट कुणी फारशी विचारली नाही, ती त्या ७५० किलो धातूंची. ते ‘झालेच’ असे धरले गेले. वजनाच्या काट्यावर ते झालेही. पण स्टार्टर, अल्टरनेटर, वायपर, काचा वरखाली करणाऱ्या मोटारी यांच्या आत लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. श्रेडरमध्ये मोटर फुटते, गाभा गोळ्यासारखा उरतो आणि लोखंड आहे म्हणून चुंबक त्याला तांब्यासकट उचलतो. पट्ट्याजवळ उभी माणसे असे गोळे हाताने वेचतात. जे निसटतात ते पोलादाच्या भट्टीत जातात.

तिथून तांबे परत काढायची चालती रीत नाही. पोलाद शुद्ध करताना ऑक्सिजनने नको असलेली मूलद्रव्ये जाळून वर तरंगणाऱ्या मळीत घालवतात. तांबे लोखंडापेक्षा कमी तत्परतेने ऑक्सिडाइझ होते, म्हणून ते आतच राहते. तेच पोलाद तापवून लाटताना पृष्ठभागावरचे लोखंड गंजून खपली होते, मागे उरलेले तांबे खपलीखाली साठते, सुमारे १०८५ अंशांना वितळते आणि कणांच्या सीमांतून आत शिरते. लाटताना पत्र्यावर बारीक भेगा उमटतात. गाडीच्या पत्र्याला तांबे ०.१ टक्क्याच्याही खाली लागते. बांधकामाच्या सळईला ०.४ पर्यंत चालून जाते. आपल्या उदाहरणातल्या गाडीचे ६५० किलो पोलाद धरले आणि त्यात फक्त १.६ किलो तांबे राहिले, तरी प्रमाण ०.२५ टक्के होते. पत्रा होण्याचा रस्ता बंद झाला, सळईचा उघडा राहिला. आणि निर्देशाच्या हिशेबात हे १.६ किलो तांबेही ‘पुनर्चक्रित’ म्हणूनच नोंदले जाते, कारण ते पुरले गेले नाही.

हेच मला या निर्देशाचे खरे अपयश वाटते. शेवटच्या चाळीस-पन्नास किलोंवर पंधरा वर्षे भांडण चालले, आणि गाडीतून निघालेले पोलाद पुन्हा गाडीत का जात नाही हा प्रश्न आकड्यांत उमटलाच नाही. ग्रॅममध्ये असलेले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम तर काट्याला जाणवतही नाहीत. हे धातू ज्यात असतात तो धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वेगळा काढला जातो तो प्रामुख्याने भावामुळे.

मोजण्याची रीत बदलली ती बॅटरीपासून. शिशाची बॅटरी कधीच अवघड नव्हती. शिसे सहज वितळते आणि विकले जाते. लिथियमच्या बॅटरीने मात्र जुनी पद्धत मोडली. शेकडो किलोंचा हा पॅक आधी डिस्चार्ज करून, सोडवून, पेशी दळून त्यातून काळी भुकटी काढावी लागते आणि मग आम्लात विरघळवून निकेल, कोबाल्ट, लिथियम वेगळे करावे लागतात. आच्छादनाचे ॲल्युमिनियम आणि पोलाद मोजले तरी वजनाची टक्केवारी चांगली दिसते, मग लिथियम पूर्ण मळीत गेले तरी. हे ओळखून २०२३ च्या युरोपीय बॅटरी नियमांत धातूवार लक्ष्ये आली : २०२७ अखेर कोबाल्ट, निकेल, तांबे, शिसे प्रत्येकी ९० टक्के आणि लिथियम ५० टक्के, २०३१ अखेर अनुक्रमे ९५ आणि ८० टक्के.

त्याच वर्षी जुलैमध्ये गाड्यांच्या निर्देशाच्या जागी नवा नियम प्रस्तावित झाला. त्यात श्रेडरपूर्वी काढायच्या भागांच्या यादीत वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तांब्याच्या तारांचा जुडगा, होता आणि खाणी बुजवण्याला पुनर्चक्रणाबाहेर ठेवण्याची तरतूद होती. पण यादीला एक फट ठेवलेली होती : श्रेडरनंतरच्या यंत्रांनी तेवढाच चांगला धातू वेगळा होतो असे दाखवले, तर तो भाग आधी काढण्याची गरज नाही. ‘तेवढाच चांगला’ हे दाखवायचे तर श्रेडरच्या पोलादाचा नमुना वितळवून त्यातले तांबे मोजावे लागते.