पहाटे तीनची जाग: चिंतेची आणि उन्मादाची

रात्री पावणेतीनला जाग आली, शेजारची उशी गार होती आणि बाहेरच्या खोलीत दिवा चालू होता. आमच्या घरात हे अनेकदा झालं आहे. माझ्या नवऱ्याला बायपोलर आहे, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद. रुग्णांच्या नातेवाईकांचा जो आमचा आधारगट आहे त्यात एक गृहस्थ येतात, त्यांच्या पत्नीला तीव्र अँग्झायटी आहे. त्यांच्याकडेही तीच वेळ, तोच दिवा. बरेच दिवस आम्ही दोघं एकमेकांना 'आमच्याकडेही अगदी असंच' म्हणत होतो आणि एकमेकांचे उपाय उचलत होतो. तिथेच चुकलं. दोन्ही घरांत माणूस जागा होता, पण जागण्याचं कारण उलटं होतं. त्यामुळे जोडीदाराने काय करायचं हेही उलटं होतं, आणि स्वतः कधी झोपायचं हेसुद्धा.

फरक एका वाक्यात सांगायचा तर चिंतेत झोप हवी असते पण येत नाही, उन्मादात झोप नकोशीच होते. चिंतेने जागलेला माणूस सकाळी पिळून काढल्यासारखा उठतो. डोळे चुरचुरतात, मान आखडते, दिवसभर तो 'आज तरी झोप लागेल ना' हेच घोकतो. रात्र जवळ आली की धास्ती वाढते. उन्मादाच्या वाटेवरचा माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो. डॉक्टर ज्याला झोपेची गरज कमी होणं म्हणतात ते हेच, आणि ते निद्रानाशापेक्षा वेगळं आहे. म्हणून 'रात्री किती झोपलास?' या प्रश्नाने फारसं कळत नाही. सकाळी दहा वाजता 'थकल्यासारखं वाटतंय का?' असं विचारलं की बरंच कळतं.

दुसरी खूण जागेपणी काय चाललंय ही. चिंतेतलं मन एकाच विहिरीभोवती फिरतं: गॅस बंद केला का, रिपोर्टमध्ये काही निघालं तर, मुलगा पोचला असेल ना. विषय बदलला तरी सूर तोच, काहीतरी वाईट होणार. उन्मादात मन पुढे धावतं. कल्पना सुचतात, योजना होतात, कपाट रिकामं करून पुन्हा लावायला घेतलं जातं, रात्री दोनला कुणाला तरी लांबलचक मेसेज जातो. बोलणं वेगात, मध्ये थांबवलं की चिडचिड. उन्माद म्हणजे नेहमी आनंदच असं मात्र नाही. आमच्याकडे तो बऱ्याचदा चिडकेपणाच्या रूपात येतो, आणि म्हणूनच तो चिंतेसारखा दिसतो.

गेल्या खेपेचं सांगते. नवरा चार महिन्यांच्या नैराश्यातून बाहेर येत होता आणि नवीन काम सुरू झालं होतं. एरवी तो अकराला झोपतो, साडेसहाला उठतो. सोमवारी तो पाच तास झोपला. मला वाटलं, नव्या कामाचं टेन्शन. मंगळवारी चार तास. त्या रात्री मी आमच्या गटातल्या त्या गृहस्थांसारखं केलं, म्हणजे उठून बसले, चहा केला आणि दीड वाजेपर्यंत त्याच्याशी बोलले. तो मोकळेपणाने बोलत होता, हसत होता. चार महिन्यांनी घरात हसणं ऐकू आलं होतं. खरं सांगायचं तर मला ते थांबवावंसं वाटलं नाही. बुधवारी तीन तास, आणि पहाटे साडेतीनला तो गुणगुणत पुस्तकांचं शेल्फ लावत होता. गुरुवारी दुपारी 'दमलास का?' विचारलं तर म्हणाला, 'अजिबात नाही, वर्षानुवर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं.' शनिवारी खरेदीच्या तीन मोठ्या ऑर्डरी आणि ऑफिसात भांडण. सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे पोचलो.

डॉक्टरांनी माझी टिपणं पाहिली आणि मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं. तारखांकडे पाहिलं तर गोष्ट सरळ होती. निदानाच्या निकषात सौम्य उन्मादासाठी, म्हणजे हायपोमॅनियासाठी, किमान 4 दिवस लागतात आणि पूर्ण उन्मादासाठी आठवडा, किंवा त्याआधीच दाखल करावं लागेल इतकी तीव्रता. हे निदानाचे आकडे आहेत, वाट पाहण्याचे नाहीत. झोप घटणं बहुतेकदा सगळ्यात आधी दिसतं, आणि झोप घटली की ती उन्मादाला आणखी ढकलते. म्हणजे आजाराचं लक्षण आणि आजाराचं इंधन एकच. त्या दीड वाजेपर्यंतच्या गप्पा, दिवा, चहा हे सगळं मी धीर द्यायला म्हणून केलं आणि प्रत्यक्षात सरपण घातलं.

उन्मादाच्या बाजूला म्हणून जोडीदाराचं काम रात्री कमी आणि दिवसा जास्त. रात्री वाद घालायचा नाही, समजावायचं नाही, नव्या योजनेवर 'हे जमणार नाही' असं पटवायलाही बसायचं नाही. दिवे मंद, स्क्रीन बंद, आवाज कमी, बोलणं थोडकं. अंधाराचं महत्त्व मला आधी आजीबाईचा सल्ला वाटायचं. पण नॉर्वेत उन्मादाच्या रुग्णांवर झालेला एक छोटा प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना संध्याकाळी 6 ते सकाळी 8 निळा प्रकाश अडवणारे चष्मे घातले, औषधं चालूच होती, आणि आठवड्याभरात त्यांची लक्षणं साध्या चष्मेवाल्यांपेक्षा बरीच उतरली. प्रयोग लहान होता, औषधाची जागा चष्मा घेत नाही, पण रात्री दिवा का लावायचा नाही हे त्यातून मला पटलं. सकाळ झाली की डॉक्टरांना फोन. गोळ्या आपल्या मनाने वाढवायच्या-थांबवायच्या नाहीत. जुन्या नैराश्यातली गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगायचं, कारण बायपोलरमध्ये नैराश्यविरोधी औषध उन्मादाला हातभार लावू शकतं.

आता चिंतेची बाजू. त्या गृहस्थांनी एका रात्री मोजलं: एक ते चारच्या दरम्यान पत्नीने तोच प्रश्न चौदा वेळा विचारला. छातीत धडधडतंय, हार्ट ॲटॅक तर नसेल? तपासण्या दोनदा झाल्या होत्या, हृदय ठीक होतं. ते दरवेळी प्रेमाने उत्तर द्यायचे. तिला दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. खात्री दिली की चिंता तात्पुरती उतरते, आणि मन शिकतं की ही चिंता दुसऱ्याकडून पुसून घेतल्याशिवाय जात नाही. पुढच्या वेळी प्रश्न लवकर येतो. इथे सोबत घातक नाही, पण उत्तरांची रांग घातक आहे.

थेरपिस्टने दोघांना समोर बसवून ठरवलं की उत्तर एकदाच द्यायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर त्यांचं वाक्य ठरलेलं: 'याचं उत्तर आपण दिलंय. ही चिंता बोलतेय. मी इथेच आहे.' आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर तिने स्वतः उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, झोप आली की परतायचं. त्यांनी मात्र उठायचं नाही. पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. ती म्हणाली, 'तू दगड झालास.' त्यांना अपराधी वाटलं, दोनदा ते घसरलेही. ही अडचण अपेक्षितच असते, आणि ठरवताना दोघंही हजर होते म्हणून निभावलं. न सांगता एका रात्री उत्तरं बंद केली असती तर ती शिक्षाच झाली असती.

इथे मला त्यांचा हेवा वाटतो. चिंतेच्या घरात जोडीदाराने झोपून जाणं हाच उपचाराचा भाग होऊ शकतो. त्याचं जागणं म्हणजे 'होय, घाबरण्यासारखं आहे' असाच निरोप. त्यांची शक्ती आणि पत्नीचा उपचार एकाच दिशेने जातात. माझ्याकडे तसं नाही. उन्मादात मी निश्चिंत झोपले तर सकाळपर्यंत खात्यातले पैसे जाऊ शकतात, गाडी बाहेर जाऊ शकते. पण पहारा देत जागले तर तिसऱ्या दिवशी मीच खेकसायला लागते, आणि घरातली टीका, चिडचिड यांनी पुन्हा झटका येण्याची शक्यता वाढते हे अभ्यासांत अनेकदा दिसलं आहे. म्हणून माझी झोप आधीच, तो ठीक असतानाच, ठरवून ठेवावी लागते. आम्ही ठरवलं आहे: सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि दिवसा थकवा नाही, तर कार्ड आणि गाडीची किल्ली दिराकडे जातात, दीर एका आड एक रात्री मुक्कामाला येतात, आणि त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपते. पहिल्यांदा दार लावलं तेव्हा मी रडले होते. आता नाही रडत.

एकमेकांचे उपाय उचलण्याचा आणखी एक धोका. निद्रानाशात थेरपिस्ट कधी कधी बिछान्यातला वेळ मुद्दाम कमी करतात, म्हणजे रात्री उशिरा झोपायचं आणि ठरल्या वेळी उठायचं, जेणेकरून झोप घट्ट होते. त्या गृहस्थांच्या पत्नीला त्याचा चांगला उपयोग झाला. बायपोलरमध्ये हीच पद्धत जशीच्या तशी वापरली तर झोप तुटून उन्माद उसळू शकतो. मी ती जवळजवळ सुरू केली होती.

आणि दोन्ही एकत्रही असू शकतं. बायपोलर असलेल्या बऱ्याच जणांना चिंताविकारही असतो. कधी माणूस दमलेला, निराश आणि तरीही आतून धावत असलेला दिसतो: झोप नाही, बसवत नाही, रडू येतंय, डोकं थांबत नाही. या मिश्र अवस्थेत आत्महत्येचा धोका जास्त असतो. तेव्हा चिंता की उन्माद हे घरी ठरवत बसायचं नाही. 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं सरळ विचारायचं, विचारल्याने तो विचार डोक्यात रुजत नाही. उत्तर होय असेल किंवा गोलमोल असेल, तर त्याच रात्री इमर्जन्सीला जायचं आणि तोवर एकटं सोडायचं नाही. तिथे झोपेच्या पाळ्या वगैरे काही लागू नाही.

आम्ही ठरवलेलं सगळं लिहिलेला आमचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. वरचे सगळे मुद्दे माझ्या अक्षरात आहेत, सही त्याची. सगळ्यात खाली त्याने स्वतः पेनाने दोन ओळी वाढवल्या: 'मी नुसता खुशीत असलो तर लगेच झोपेचे तास विचारू नकोस. आणि गोळी घेतलीस का, हे पाहुण्यांसमोर नको.' पहिल्या ओळीसाठी आम्ही आता दुपारपर्यंत थांबायचं ठरवलं आहे. दुसरी मी अजूनही महिन्यातून एखाद्या वेळी मोडते.