पीपीएफ की आरडी? मुलांच्या शिक्षणासाठी बचत करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दरवर्षी मे-जून महिन्यांत आमच्या चोपड्याच्या कार्यालयात एकच प्रश्न घेऊन अनेक पालक येतात. हातात पीपीएफचे पासबुक असते, मुलाच्या प्रवेशाची तारीख चार दिवसांवर आलेली असते आणि शिल्लक रकमेतले निम्मे पैसे आजच काढून हवे असतात. ते मिळत नाहीत, असे सांगितले की साहजिकच वाद होतो. ज्यांना पीपीएफ आणि आरडी म्हणजे काय हे ठाऊक आहे, परंतु यांपैकी कोणत्या खात्यातला पैसा कोणत्या दिवशी हातात पडतो याचा हिशेब ज्यांनी केलेला नाही, त्यांच्यासाठी हे पत्रक छापले आहे.

दोन्ही योजनांची तुलना बहुतेक जण व्याजदरावरून करतात. पीपीएफचा दर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहे आणि पोस्टातील पाच वर्षांच्या आरडीचा दर ऑक्टोबर 2023 पासून 6.7 टक्के आहे. एक फरक लक्षात असावा. आरडी ज्या दिवशी उघडली त्या दिवसाचा दर पूर्ण पाच वर्षे कायम राहतो, तर पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते आणि तो जुन्या खात्यांनाही लागू होतो. आजच्या दराने दरमहा 5,000 रुपयांची आरडी साठ महिन्यांनी 3,56,830 रुपये देते. तेवढेच 3 लाख रुपये दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला 60,000 रुपये याप्रमाणे पीपीएफमध्ये भरले, तर पाचव्या वर्षाअखेर सुमारे 3,70,280 रुपये होतात. फरक साडेतेरा हजारांच्या घरात आहे. पीपीएफचे व्याज करमुक्त असते आणि आरडीचे व्याज उत्पन्नात धरले जाते, म्हणून कर भरणाऱ्या नोकरदारासाठी हा फरक आणखी वाढतो. ज्यांचे उत्पन्न मुळातच करपात्र मर्यादेखाली आहे त्यांच्यासाठी तो एवढाच राहतो. म्हणजे दराने प्रश्न सुटत नाही. तो सुटतो तारखेने, आणि नेमकी तीच तारीख खाते उघडताना कोणी विचारात घेत नाही.

सर्वांत जास्त वेळ ज्या गैरसमजात जातो तो असा, की पीपीएफमधून पाच वर्षांनी निम्मी रक्कम काढता येते. यातले 'पाच वर्षे' आणि 'निम्मी' हे दोन्ही शब्द लोक समजतात तसे नाहीत. पाच वर्षे मोजायची ती खाते उघडल्याच्या तारखेपासून नव्हे, तर ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले ते वर्ष संपल्यापासून. आणि निम्मी म्हणजे आजच्या शिल्लकेच्या निम्मी नव्हे. पैसे काढण्याच्या वर्षाच्या आधीच्या चौथ्या वर्षाअखेर जी शिल्लक होती, किंवा लगेच आधीच्या वर्षाअखेर जी होती, त्यांपैकी कमी असेल तिच्या निम्मी. नियमित भरणा करणाऱ्याच्या खात्यात चार वर्षांपूर्वीची शिल्लकच कमी असते, म्हणून बहुधा तीच लागू होते.

आमच्याच एका ग्राहकाचे उदाहरण घेऊ. कापसाची शेती असलेल्या या गृहस्थांनी मुलगी सातवीत जाताना, एप्रिल 2021 मध्ये, पीपीएफ खाते उघडले आणि दरवर्षी पाच एप्रिलच्या आत 60,000 रुपये भरले. जून 2025 मध्ये मुलगी अकरावीत गेली, तेव्हा ते क्लासच्या फीसाठी आले. "माझेच पैसे आहेत ना भो, मग निम्मे काढायला काय हरकत?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही पासबुकाच्या मागे पेन्सिलीने वर्षे मांडून दाखवली. खाते 2021-22 मधले, म्हणजे ते वर्ष मार्च 2022 अखेर संपले. तिथून पाच वर्षे मार्च 2027 ला पूर्ण होतात. पहिली रक्कम एप्रिल 2027 पासून, त्याआधी काढता येत नाही.

पुढचा हिशेब त्यांना अधिक टोचला. दर 7.1 टक्केच राहिला, तर मार्च 2027 अखेर त्यांच्या खात्यात सुमारे 4,60,830 रुपये असतील. जून 2027 मध्ये, मुलीच्या प्रवेशाच्या वेळी, त्यांना 2 लाख 30 हजार मिळतील अशी त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात मार्च 2024 अखेरची शिल्लक पाहिली जाईल. ती 2,06,791 रुपये होती, म्हणून 1,03,395 रुपये मिळतील. वर्षातून एकदाच काढता येते, त्यामुळे पुढची रक्कम जून 2028 मध्ये, मार्च 2025 च्या 2,85,733 रुपयांवरून, म्हणजे सुमारे 1,42,860 रुपये. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी ही रक्कम चांगलीच उपयोगी आहे. अडचण पहिल्या वर्षाची आहे.

क्लासच्या फीसाठी त्या दिवशी त्यांना एकच वाट होती, ती कर्जाची. आधीच्या दुसऱ्या वर्षाअखेरच्या, म्हणजे मार्च 2024 च्या शिल्लकेच्या पाव हिश्श्यापर्यंत कर्ज मिळते. ते 51,697 रुपये झाले. मुद्दल छत्तीस महिन्यांत फेडले, तर त्यावर वर्षाला एकच टक्का व्याज लागते. मुदत चुकली, तर हाच दर सहा टक्के होतो. त्यांनी ते घेतले आणि दिवाळीनंतर कापूस विकून फेडायला सुरुवात केली.

येथे काही जण विचारतात, की उच्च शिक्षणासाठी पीपीएफ मुदतीआधी बंद करता येते ना? येते, पण तेही वर सांगितलेली पाच वर्षे झाल्यावर आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश निश्चित झाल्याची कागदपत्रे व फीच्या पावत्या दाखवल्यावर. क्लासची फी यात बसत नाही. शिवाय खाते उघडल्यापासूनचे व्याज एक टक्का कमी धरून हिशेब होतो. या गृहस्थांच्या खात्यात 7.1 ऐवजी 6.1 टक्के धरले, तर 4,60,830 च्या जागी सुमारे 4,45,170 रुपये येतात, म्हणजे साडेपंधरा हजारांची तूट. ती सहन करण्यासारखी आहे, आणि गरज मोठी असेल तर आम्हीही खाते बंद करायला सांगतो. मात्र कागदपत्रे प्रवेश निश्चित झाल्यावर मिळतात, आणि प्रवेश निश्चित करण्यासाठीच आधी पैसे भरावे लागतात. ही गाठ पीपीएफने सुटत नाही. येथे आरडी लागते.

म्हणून आम्ही प्रत्येक नव्या पालकाला आधी मुलाची इयत्ता विचारतो. काहींना ही चौकशी अनावश्यक वाटते, परंतु आरडीची मुदत साठ महिने आहे आणि बारावी संपण्याचा महिनाही आपल्याला ठाऊक असतो, तेव्हा मोजणी उलट्या बाजूने करावी. जून 2026 मध्ये सातवीत जाणारा मुलगा 2032 च्या उन्हाळ्यात महाविद्यालयात जाईल. त्याच्यासाठी आरडी मे 2027 च्या आत, म्हणजे सातवीचे वर्ष संपेपर्यंत उघडली, तर ती फीच्या आधी पिकते. आठवीचा दिवाळी बोनस हाती आल्यावर उघडली, तर ती नोव्हेंबर 2032 मध्ये पिकेल आणि फी जुलै-ऑगस्टमध्ये मागतील. मग लोक ती मोडायला येतात. तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मुदतीला एक दिवस जरी बाकी असला तरी संपूर्ण काळाचे व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे चार टक्क्यांनी मिळते. 5,000 रुपयांच्या आरडीवर सत्तावन्न हजारांच्या जागी तीस-बत्तीस हजार हाती येतात. दोन-तीन महिनेच उरले असतील तर कृपया मोडू नका. जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज घ्या. त्याचा दर आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त असला, तरी एवढ्या थोड्या महिन्यांसाठी ते किती तरी स्वस्त पडते.

मूल पहिली-दुसरीत असेल, तर आमचा सल्ला पीपीएफचा आहे, आणि खाते एप्रिलमध्ये नव्हे तर मार्चमध्ये उघडण्याचा. मुदतीची पंधरा वर्षेही खाते उघडल्याचे आर्थिक वर्ष संपल्यापासूनच मोजली जातात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केवळ 500 रुपये भरून खाते उघडले, तर एप्रिलमध्ये उघडलेल्या खात्यापेक्षा रक्कम काढण्याचा हक्क आणि मुदतपूर्ती दोन्ही पूर्ण एक वर्ष आधी येतात. वर्षातून एकदा, पाच एप्रिलच्या आत एकरकमी भरणे हे कापूसवाल्यांना सोयीचे असते, कारण पैसा तोवर घरी आलेला असतो. पाच तारीख यासाठी, की महिन्याचे व्याज पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर धरतात. सहा तारखेला भरलेल्या रकमेला त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. दुधाचा किंवा पगाराचा पैसा महिन्याला येतो, त्यांना आरडी सोपी जाते. पालकाच्या आणि अज्ञान मुलाच्या खात्यात मिळून वर्षाला दीड लाख हीच मर्यादा आहे. दोन्हीकडे दीड-दीड लाख भरू नयेत, जास्तीच्या रकमेवर व्याज मिळत नाही.

आता आमच्याबद्दल थोडे. महिला प्रधान योजनेच्या एजंट म्हणून आम्हांला आरडीवर सरकारकडून चार टक्के कमिशन मिळते, आणि पीपीएफवरचे कमिशन डिसेंबर 2011 पासून बंद आहे. ही गोष्ट आम्ही लपवत नाही. आम्ही आरडी सुचवतो तेव्हा तुमच्या मनात शंका येणे योग्यच आहे, म्हणून इयत्तेचा हिशेब तुमच्या समोर कागदावर मांडतो आणि तो कागद तुम्हांलाच देतो. ग्राहकाने आम्हांला वेगळे काही द्यायचे नसते. पीपीएफचा अर्ज भरून देणे, मार्चमध्ये आठवण करणे हे आम्ही आरडीच्या ग्राहकांसाठी विनामूल्य करतो.

हप्ता दहा तारखेपर्यंत मागतो, त्यावरही नाराजी असते. पंधरा तारखेच्या आत उघडलेल्या खात्याचा हप्ता पंधरापर्यंत पोस्टात जमा व्हावा लागतो, आणि त्याआधी आम्हांला सर्व खात्यांची यादी तयार करावी लागते. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे एक रुपया दंड लागतो, आणि चार हप्ते चुकल्यावर खाते खंडित होते. त्यानंतर ते सुरू करायला दोनच महिने असतात. हप्ता दिला की कार्डावर आमची सही घ्या, आणि पासबुकात नोंद झाली की नाही ते महिन्यातून एकदा स्वतः पाहा.

पुढच्या वेळी येताना मुलाची इयत्ता, जुने पीपीएफ पासबुक असल्यास त्याचे पहिले पान आणि खाते उघडल्याची तारीख घेऊन या. पाऊण तासात हिशेब होतो. मे आणि जूनमध्ये मात्र गर्दी असते, त्यामुळे शक्यतो फेब्रुवारीत या.